पाच ब्रेकर, पाच आठवडे: निर्णय टाळणाऱ्या साहेबांच्या हाताखालच्या एका ऑर्डरचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातली आहे. आम्ही इलेक्ट्रिकल पॅनेल बनवतो. कारखाना रबाळ्याला आणि मुख्य ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण आठवडे आणि हिशेब जसे घडले तसेच ठेवले आहेत, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. मी तेव्हा डिझाइन विभागात सीनिअर इंजिनीअर होते. माझ्या हाताखाली दोन ड्राफ्ट्समन होते. आमचे प्रोजेक्ट हेड म्हणजे सर. ते आठवड्यातले तीन दिवस वागळे इस्टेटला बसायचे आणि दोन-तीन दिवस रबाळ्याला. त्यांच्या वर मोठे साहेब, कंपनीचे संचालक.

ऑर्डर होती एका केमिकल प्लांटसाठीच्या मुख्य वीजवाटप पॅनेलची, म्हणजे पीसीसीची. किंमत ९६ लाख. मुदत १६ आठवड्यांची. करारात उशिराची अट नेहमीसारखी होती: दर आठवड्याला ऑर्डरच्या अर्धा टक्का कपात, जास्तीत जास्त ५ टक्के. त्यापुढे ग्राहकाला ऑर्डर रद्द करायचा हक्क. अर्धा टक्का म्हणजे आठवड्याला ४८ हजार.

पॅनेलमध्ये पाच मोठे एअर सर्किट ब्रेकर होते: दोन इनकमर, एक बस कपलर आणि दोन मोठे आउटगोइंग. ग्राहकाने मंजूर केलेल्या यादीत तीन मेक, म्हणजे तीन कंपन्यांचे ब्रेकर होते. आमचा अंदाजपत्रकातला भाव होता त्यांतल्या एकाचा, त्याला अ म्हणू. ऑर्डर आली तेव्हा परचेसच्या मॅडमनी फोन केला आणि कळलं की अ ची डिलिव्हरी आता १२ आठवडे झाली आहे. यादीतला दुसरा मेक, त्याला ब म्हणू, पाच आठवड्यांत मिळत होता, पण पाच नगांना मिळून २ लाख १० हजार जास्त लागणार होते.

अडचण नेमकी कुठे होती

बाहेरच्या माणसाला वाटेल की ब्रेकर काय, कधीही ठरवावा, तोवर बाकीचं काम चालू ठेवावं. पॅनेलच्या धंद्यात तसं होत नाही. मोठा ब्रेकर बाहेर ओढता येणारा असतो. तो ज्या क्रेडलमध्ये बसतो त्याची मापं, दारातला कटआउट, मागची टर्मिनल्स आडवी की उभी, आणि त्यावरून बसबारचे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे जोड कसे यायचे, हे सगळं मेकवर ठरतं. अ आणि ब मध्ये खणाच्या रुंदीतच फरक पडत होता. खण रुंद झाला की पॅनेलची एकूण लांबी बदलते, आणि ती ग्राहकाच्या खोलीतल्या केबल ट्रेंचवर बसायला हवी. म्हणून मेक ठरल्याशिवाय जीए ड्रॉइंग, म्हणजे पॅनेलची मापं आणि मांडणी दाखवणारं मुख्य ड्रॉइंग, पुरं होत नाही. ते पुरं झाल्याशिवाय ग्राहकाची मंजुरी नाही, आणि मंजुरीशिवाय फॅब्रिकेशनवाले पत्र्याला हात लावत नाहीत.

आमचं वेळापत्रक असं होतं: तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ड्रॉइंग ग्राहकाकडे, पाचव्याच्या अखेरीस मंजुरी, सहा ते नऊ फॅब्रिकेशन आणि पावडर कोटिंग, दहा ते चौदा जोडणी आणि वायरिंग, पंधराव्यात टेस्टिंग, सोळाव्यात गाडी. ब्रेकर अकराव्या आठवड्यात हातात हवे होते.

आता हिशेब बघा. तिसऱ्या आठवड्यात अ मागवला असता तर तो पंधराव्यात आला असता, म्हणजे चार आठवडे उशीर, १ लाख ९२ हजार कपात. ब मागवला असता तर उशीर नाही, पण २ लाख १० हजार जादा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. ग्राहकाशी संबंध सांभाळायचे तर ब, निव्वळ पैसे बघायचे तर अ. कुठलाही घेतला असता तरी चूक ठरली नसती. आज मला वाटतं, सरांना तो निर्णय म्हणूनच इतका जड गेला. स्पष्ट फायद्याचा पर्याय असता तर सही झाली असती.

पाच आठवडे कसे गेले

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मी सरांना विचारलं, "सर, ब्रेकर कुठला धरू?" ते म्हणाले, "अगं थांब जरा, अ वाल्यांशी मी स्वतः बोलतो, डिलिव्हरी कमी करतील." बोलणं झालं की नाही ते मला कळलं नाही. सोमवारी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी तिसऱ्या मेकचा भाव मागवायला सांगितला. तो यायला चार दिवस लागले. तो महागही होता आणि त्याची डिलिव्हरी ९ आठवड्यांची होती. मग त्यांनी एक रास्त शंका काढली: आमच्या पॅनेलची टाइप टेस्ट अ वर झाली होती. मेक बदलला की आयईसी ६१४३९ या पॅनेलच्या मानकाप्रमाणे आधी सिद्ध झालेली रचना तशीच लागू पडते का, हे तपासावंच लागतं. आम्ही तपासलं. ब मेकवरही आमची आधीची तपासणी झालेली होती. दोन दिवसांत कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यावर त्यांचं उत्तर, "बरं झालं. आता एकदा ग्राहकाचं मत घे." ग्राहकाने एका ओळीत कळवलं की यादीतला कुठलाही मेक चालेल. मग, "मोठे साहेब पुण्याहून आले की बोलू." मोठे साहेब आले आणि गेले. मग सर टूरवर गेले.

त्या वेळी मला एक गोष्ट नीट दिसली नाही, ती इथे जरा सविस्तर सांगते. काळजी म्हणून विचारलेला प्रश्न आणि टाळायला विचारलेला प्रश्न वरून सारखेच दिसतात. टाइप टेस्टचा प्रश्न पहिल्या जातीचा होता. त्याचं उत्तर मिळाल्यावर विषय लहान झाला, एक शंका कमी झाली. ग्राहकाचं मत दुसऱ्या जातीचं होतं. उत्तर मिळालं तरी सही तितक्याच अंतरावर राहिली आणि लगेच नवा प्रश्न आला. तीन प्रश्नांची उत्तरं देऊनही माणूस सहीच्या जवळ आला नसेल, तर चौथं उत्तर शोधत बसण्यात अर्थ नाही. आम्ही मात्र शोधत बसलो, कारण उत्तर शोधणं हे काम वाटतं आणि साहेबांना अडवणं हे भांडण वाटतं.

दरम्यान शॉप फ्लोअरवर फोरमन काका रोज विचारायचे, "मॅडम, ड्रॉइंग?" मी म्हणायचे, "काका, दोन दिवसांत." दर वेळी दोन दिवस. शेवटी त्यांनी फॅब्रिकेशनची माणसं दुसऱ्या कामावर लावली, आणि ते बरोबरच होतं.

आढावा बैठक

सहाव्या आठवड्यात वागळे इस्टेटला मासिक आढावा होता. पडद्यावर एक्सेल शीट. या ऑर्डरच्या ओळीत लिहिलेलं होतं: "जीए ड्रॉइंग, जबाबदारी डिझाइन, स्थिती बाकी." मोठ्या साहेबांनी विचारलं, "तीन आठवडे झाले, ड्रॉइंग का नाही?" सर म्हणाले, "डिझाइनकडून अजून आलेलं नाही." वाक्य खोटं नव्हतं. ड्रॉइंग खरंच आलेलं नव्हतं.

मी गप्प बसले. सगळ्यांसमोर साहेबांना खोटं पाडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. मोठ्या साहेबांनी डिझाइन विभागाच्या रविवारच्या सुट्ट्या रद्द केल्या आणि माझ्या धाकट्या ड्राफ्ट्समनला उशिराबद्दल लेखी समज देण्यात आली. त्या मुलाने त्या ऑर्डरवर एक दिवसही आळस केला नव्हता. त्याच्याकडे ड्रॉइंगचे दोन्ही आराखडे अर्धे-अर्धे तयार होते. दोन महिन्यांनी तो महाप्याच्या दुसऱ्या कंपनीत गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोलाल असं वाटलं होतं." माझ्या लेखी या प्रकरणातलं सर्वांत मोठं नुकसान हे आहे आणि ते कुठल्याही शीटमध्ये आलं नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीत ठाणे ते रबाळे उभ्याने येताना एक साधी गोष्ट लक्षात आली. वेळापत्रकात आमची सगळी कामं होती: ड्रॉइंग, मंजुरी, इंडेंट, फॅब्रिकेशन. "मेक ठरवणे" ही ओळच नव्हती. ते काम कुणाच्या नावावर नव्हतं, त्याला तारीख नव्हती, म्हणून त्याला उशीरही होऊ शकत नव्हता. तो उशीर पुढच्या ओळीत दिसत होता, आणि पुढची ओळ आमची होती.

कोणते पर्याय होते

परचेसच्या मॅडम, मी आणि फोरमन काका सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला कँटीनमध्ये बसलो.

काकांचं म्हणणं होतं की सरळ मोठ्या साहेबांकडे जावं. त्यात एक अडचण होती. मोठे साहेब सरांनाच बोलावून विचारणार, सर म्हणणार "प्रक्रिया चालू आहे", आणि पुढचं वर्षभर आमची प्रत्येक फाइल त्यांच्या टेबलावरून जाणार. शिवाय सर वाईट माणूस नव्हते. काकांच्या मुलाच्या अॅडमिशनला त्यांनी स्वतः धावपळ केली होती.

परचेसच्या मॅडमचा कल मेलचा पुरावा जमवण्याकडे होता. "प्रत्येक विचारणा मेलवर टाक, म्हणजे उद्या आपल्यावर आलं तर दाखवता येईल." पुरावा हवा, याबद्दल वाद नाही. पण पुराव्याने आपली मान सुटते, पॅनेल पुढे सरकत नाही. आणि साहेबांना त्या मेलांचा वास येतो. तो आला की ते आणखी आखडतात.

तिसरा पर्याय माझ्या डोक्यात होता: ब धरून सगळं चालू करायचं. यातला अर्धा भाग शक्य होता, अर्धा नव्हता. ड्रॉइंग माझ्या अधिकारात होतं. चुकलं तर ड्राफ्ट्समनचे तीन दिवस जातील, इतकंच. ब्रेकरची खरेदी मात्र साडेतेरा लाखांची होती, आणि ५ लाखांवरच्या प्रत्येक पीओला, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरला, सिस्टिममध्ये सरांची मंजुरी लागायची. ती ओलांडण्याचा विचारही चुकीचा ठरला असता. मंजुरीशिवाय मागवलेला माल परत घेतला जात नाही, आणि तिथे खरोखरच आपण दोषी ठरतो.

म्हणून ठरलं ते असं: परत फिरवता येणारा भाग आपण उचलायचा, आणि न फिरणाऱ्या भागासाठी सरांना गाठायचं, पण वेगळ्या प्रश्नासह.

काय केलं

सातव्या आठवड्याच्या मंगळवारी मी मेल टाकला. शब्द जवळपास असे होते: "सर, वेळ वाचावा म्हणून ब मेक धरून जीए ड्रॉइंग पुरं करते आहे. गुरुवारी दुपारी ४ पर्यंत आपली हरकत आली नाही तर ते तयार ठेवते. ब्रेकरची ऑर्डर आपल्या मंजुरीशिवाय जाणार नाही." हरकत आली नाही. त्या मेलचा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

मग एक पानाचा तक्ता केला. आधीच्या सगळ्या विचारणांमध्ये मी "अ की ब" असं विचारत होते. या वेळी तारखा आडव्या मांडल्या आणि प्रत्येक तारखेला उशिराची कपात आणि ब्रेकरचा जादा भाव मिळून किती लागेल ते लिहिलं. ड्रॉइंग अडल्यामुळे आता ब घेऊनही उशीर होणारच होता:

तिसऱ्या आठवड्यात ठरलं असतं तर: अ ला १.९२ लाख, ब ला २.१० लाख.
आठव्या आठवड्यात ठरलं तर: अ ला ४.३२ लाख, ब ला ४.०२ लाख.
नवव्या आठवड्यात ठरलं तर: अ ला ४.८० लाख, ब ला ४.५० लाख.

अ च्या शेवटच्या आकड्याखाली एकच टीप लिहिली: इथे ५ टक्क्यांची मर्यादा संपते, यापुढे ऑर्डर रद्द होऊ शकते.

हा तक्ता मेलवर पाठवला नाही. बुधवारी हातात घेऊन वागळे इस्टेटला गेले. जेवणानंतरची वेळ निवडली, कारण सर तेव्हा एकटे असतात. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग चहा मागवला आणि जे बोलले ते मला आधी माहीत असतं तर हे प्रकरण तिसऱ्या आठवड्यातच मिटलं असतं.

आधीच्या एका ऑर्डरमध्ये त्यांनी डिलिव्हरी वाचवण्यासाठी महाग माल घ्यायला मंजुरी दिली होती. माल वेळेत गेला, ग्राहक खूश झाला. वर्षअखेरीला मात्र नफा घटला म्हणून तो खर्च त्यांच्या नावावर निघाला आणि त्यांची वेतनवाढ अडली. ते म्हणाले, "लेट झालं तर कारणं शंभर असतात गं. खर्च वाढला तर सही एकाचीच असते."

यात सगळं आलं. आमच्या कंपनीत जादा खर्च प्रोजेक्ट हेडच्या खात्यावर पडायचा आणि उशीर विभागांच्या खात्यावर. थांबण्याने सरांचं काही जात नव्हतं. स्वभाव होताच, पण त्या स्वभावाला कंपनीच्या हिशेबाने खतपाणी घातलं होतं. मी पाच आठवडे त्यांच्याकडे तांत्रिक उत्तरं नेत होते, आणि त्यांचा प्रश्न तांत्रिक नव्हताच.

मी म्हटलं, "सर, ही सही तुम्ही एकट्याने करूच नका. हा तक्ता तुमच्या नावाने मोठ्या साहेबांना पाठवू. जादा खर्च डिलिव्हरीसाठी मान्य केलेला म्हणून वेगळा दाखवावा, एवढीच विनंती. मी मजकूर लिहून देते." त्यांनी दोनदा मजकूर बदलला, "शिफारस" चं "विचारार्थ" केलं. मी विरोध केला नाही, फक्त शेवटी "सोमवारपर्यंत कळवावे" हे वाक्य राहू द्या म्हटलं. मेल शुक्रवारी गेला. सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांचं उत्तर आलं: "ब घ्या. खर्च वेगळा दाखवा." दुपारपर्यंत पीओ सुटला, आणि तयार ठेवलेलं ड्रॉइंग त्याच दिवशी ग्राहकाकडे गेलं.

निकाल

पॅनेल विसाव्या आठवड्यात निघालं. चार आठवडे उशीर, १ लाख ९२ हजार कपात, वर ब्रेकरचे २ लाख १० हजार. म्हणजे दोन पर्यायांपैकी एक निवडून जितकं लागलं असतं, त्याच्या साधारण दुप्पट खर्च झाला. दोन्ही पर्यायांची किंमत आम्ही भरली.

ऑर्डर रद्द झाली नाही आणि ग्राहकाने पुढच्या वर्षी पुन्हा चौकशी पाठवली. ड्राफ्ट्समनला दिलेली समज फाइलमधून काढावी असं मी लिहून दिलं. त्यावर उत्तर आलं नाही, आणि तोवर तो गेला होता.

शीटमध्ये मात्र बदल झाला. मोठ्या साहेबांशी बोलून प्रत्येक ऑर्डरच्या सुरुवातीला "ठरवायच्या गोष्टी" असा भाग घातला: ब्रेकरचा मेक, बसबार तांब्याचा की अॅल्युमिनियमचा, केबल वरून की खालून. प्रत्येकासमोर नाव, तारीख, आणि ती तारीख चुकली तर कुठली ओळ किती सरकते ते.

आज वेगळं काय केलं असतं

पहिली गोष्ट, ब चं ड्रॉइंग तिसऱ्याच आठवड्यात ग्राहकाकडे पाठवलं असतं. ते माझ्या अधिकारात होतं आणि मंजुरीचे दोन आठवडे निर्णयाची वाट पाहत फुकट गेले नसते. अ ठरला असता तर सुधारित ड्रॉइंग पुन्हा पाठवावं लागलं असतं. त्याने ग्राहक थोडा नाराज झाला असता, पण तेवढंच.

दुसरी, "कुठला धरू?" असं विचारलं नसतं. मोकळ्या प्रश्नाला "बघू" हे उत्तर सहज देता येतं. "ब धरते आहे, खर्च इतका, थांबलो तर आठवड्याला ४८ हजार" हे पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं. आकडे तेव्हाही माझ्याकडे होते.

तिसरी बैठकीतली. तिथे सरांना खोटं न पाडताही एक वाक्य बोलता आलं असतं: "ड्रॉइंग ब्रेकरच्या मेकवर थांबलं आहे, तो ठरला की तीन दिवसांत देते." यात कुणावर आरोप नाही, फक्त अडलेली गोष्ट तिच्या नावाने सांगितली. ते वाक्य मी घरी येऊन बांधलं, बैठकीनंतर सहा तासांनी. आता कुठल्याही आढाव्याला जाण्याआधी, अडलेल्या प्रत्येक कामासाठी असं एक वाक्य वहीत लिहून नेते.

एका बाबतीत माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. सरांची भीती आधीच कळली असती तर बरं झालं असतं हे खरं, पण ती कळून घेणं हे हाताखालच्या माणसाचं काम आहे का? काकांना वाटतं, नाही. मला वाटतं, काम आपलं नसलं तरी त्याचा खर्च आपणच भरतो, म्हणून विचारावं. आमचं यावर एकमत झालेलं नाही. नव्या शीटमध्ये ठरवायच्या गोष्टींचा रकाना सर आता स्वतः भरतात. गेल्या ऑर्डरमध्ये बसबारची ओळ दोन आठवडे रिकामी राहिली. तेव्हा मोठ्या साहेबांनी बैठकीत सरांकडे पाहून विचारलं, "हे कधी?" आणि सरांनी तारीख सांगितली.